गंभीर नाटकातले विनोदी पात्र: हशा नेमका कुठे थांबवावा?

विंगेतला (धागाकर्ता)

आमच्या हौशी संस्थेचे दोन अंकी नाटक यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्रावर सादर व्हायचे आहे. दिग्दर्शन माझ्याकडे आहे आणि सध्या एका प्रसंगाने माझी झोप उडवली आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

नाटक सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या घरात घडते. थोरला मुलगा व्यंकटेश भिवंडीला मागावर कामाला आहे. दुसऱ्या अंकात धाकट्या श्रीनिवासला फोन येतो की व्यंकटेश अपघातात गेला आणि रुग्णवाहिका रात्री निघेल. आईला अजून काही सांगितलेले नाही. नेमक्या त्या वेळी शेजारचा राजप्पा घरात येतो. पहिल्या अंकात या राजप्पाने मुलीच्या लग्नासाठी म्हणून घरातले मोठे पितळी पातेले नेलेले असते, आणि ते परत करण्याऐवजी तो दर वेळी आणखी काहीतरी उसने मागायला येतो. दुसऱ्या अंकात तो पातेले घेऊन येतो, सात मिनिटे बोलतो आणि निघताना डोक्यावर घेतलेले पातेले दाराच्या चौकटीला आपटते. तो गेला की श्रीनिवास आईसमोर बसतो आणि म्हणतो, "आई, दादा गेला."

गेल्या आठवड्यात सुमारे दीडशे लोकांपुढे रंगीत तालीम केली. चौकटीवर पातेले आपटले तेव्हा टाळ्या पडल्या. त्यानंतर "दादा गेला" या वाक्यावर दोन-तीन ठिकाणांहून हसू आले. ते निर्दयपणाचे नव्हते, आधीचा हशा ओसरला नव्हता एवढेच. पण आईचे काम करणाऱ्या बाई नंतर मेकअपच्या खोलीत रडल्या.

राजप्पाला काढून टाकावे असे लेखकाचे मत झाले आहे. मला तसे वाटत नाही, कारण फोननंतर लगेच बातमी सांगितली तर प्रसंग सपाट होतो, हेही आम्ही करून पाहिले आहे. असे पात्र ठेवून प्रसंगाचा भार कसा राखावा?

शास्त्रार्थी

आपल्या परंपरेत याचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस मानलेले आहेत, म्हणून ते एकत्र आणू नयेत. राजप्पाला पहिल्या अंकात ठेवावे आणि दुसऱ्या अंकातून काढावे. लेखकाचे म्हणणे बरोबर आहे.

कडक भाकरी

शास्त्रार्थी, हा नियम आमच्या करमाळा तालुक्यातल्या माणसांना कोणी सांगितला नव्हता असे दिसते. 'सैराट' २०१६ साली आला तेव्हा आम्ही चित्रपटगृहात लंगड्या आणि सल्या यांना पाहून खुर्च्या बडवल्या होत्या, आणि तेच लोक शेवटी बाहेर पडताना एकमेकांशी बोलत नव्हते.

शास्त्रार्थी

तेथे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. मित्रांचा विनोद पूर्वार्धात आहे, उत्तरार्धात ते मागे पडतात. माझेच म्हणणे सिद्ध होते.

सुलभाताई

मला नाटकातले फारसे कळत नाही, पण गंभीर प्रसंगी हसू येणे या विषयावर सांगण्यासारखे आहे. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला आम्ही सारे घाटावर उभे होतो आणि पिंडाला कावळा शिवेना. पाऊण तास झाला. प्रत्येक जण पुढे येऊन काही ना काही कबूल करत होता: जमिनीची वाटणी नीट करू, धाकटीचे लग्न लावून देऊ. शेवटी माझे चुलत दीर पुढे आले आणि हात जोडून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "अण्णा, तुमचा रेडिओ मीच नेला आहे, उद्या आणून देतो." आणि कावळा खाली उतरला. आधी सासूबाई हसल्या. मग आम्ही सगळे हसलो. मग सासूबाई ज्या रडल्या, त्या नऊ दिवसांत तशा रडल्या नव्हत्या.

हा प्रश्नाचा विषय नसल्यास क्षमस्व. दिरांनी रेडिओ दुसऱ्या दिवशी आणून दिला.

तिसरी घंटा

सुलभाताई, हाच प्रश्नाचा विषय आहे, आणि धागाकर्त्याला लागणारे जवळजवळ सगळे तुमच्या घाटावर घडलेले आहे. तुमचे दीर हसवायला पुढे आले नव्हते. रेडिओचे ओझे त्यांच्या मनावर खरोखर होते. शिवाय पहिल्यांदा हसल्या त्या सासूबाई, म्हणजे ज्यांचे दुःख सर्वांत मोठे होते त्या. या दोन गोष्टी लक्षात ठेवून मी पुढचे लिहितो.

आधी शास्त्रार्थींच्या मुद्द्याविषयी. हास्य आणि करुण यांचा विरोध अलंकारशास्त्रात सांगितला आहे हे खरे, परंतु त्याच शास्त्रकारांनी विरोध टाळण्याचे मार्गही सांगितले आहेत. दोन विरोधी रसांच्या मध्ये तिसरा आणावा हा त्यांतला एक मार्ग, आणि त्यासाठी आनंदवर्धन 'नागानंद' नाटकाचा दाखला देतो, जेथे शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो. म्हणजे नियम "एकत्र आणू नका" असा नसून "एकाला दुसऱ्यावर थेट आपटू नका" असा आहे. धागाकर्त्याच्या प्रसंगात पातेले चौकटीवर आपटले ते आपटलेच, पण हशाही बातमीवर आपटला.

आता धागाकर्त्याला तीन प्रश्न. राजप्पा बोलत असताना रंगमंचावर बातमी कोणाकोणाला ठाऊक आहे आणि प्रेक्षकांना ती ठाऊक आहे का? त्या सात मिनिटांत श्रीनिवास कुठे असतो? आणि प्रसंगातले शेवटचे हसू कोणाचे आहे?

विंगेतला

प्रेक्षकांना ठाऊक आहे, कारण फोन त्यांच्यासमोर येतो. रंगमंचावर फक्त श्रीनिवासला ठाऊक आहे. फोननंतर तो आतल्या खोलीत जातो, कारण नटाला सावरायला वेळ मिळावा असे मला वाटले. शेवटचे हसू प्रेक्षकांचे आहे, चौकटीवरचे.

मला आणखी एक कबूल केले पाहिजे. चौकटीवर आपटणे संहितेत नाही. राजप्पाचे काम करणारा आमचा नट गुणी आहे, पण तालमीगणिक पदरची वाक्ये घालतो. मूळ प्रसंग चार मिनिटांचा होता, तो सात मिनिटांचा झाला तो असा.

कडक भाकरी

प्रत्येक हौशी संस्थेत असा एक नट असतो. आमच्याकडच्याने एकदा मरणासन्न आजोबांच्या भूमिकेत प्राण सोडल्यावर खोकून दाखवले होते, कारण पहिल्या रांगेत त्याची सासुरवाडी बसली होती.

पूर्वभागकर

मी कालपासून हा धागा वाचत आहे आणि मला एक वेगळीच शंका आहे. हा राजप्पा कशा मराठीत बोलतो?

विंगेतला

तेलुगू वळणाच्या. आपल्याकडे पूर्व भागात बोलतात तशा.

पूर्वभागकर

आणि बाकीचे घर?

विंगेतला

बाकीचे साध्या मराठीत बोलतात.

पूर्वभागकर

मला वाटलेच होते. माझा जन्म पूर्व भागातला. आमच्या घरात तेलुगू चालते, दारात मराठी आणि बाजारात थोडी कानडीही. व्यंकटेश आणि श्रीनिवास ही नावे ठेवणारी आईही त्याच वळणाने बोलणार. तुम्ही रडणाऱ्या माणसांना शुद्ध मराठी दिली आणि हसवणाऱ्याला आमची. प्रेक्षकाला यातून न सांगता कळते की या माणसाचे काही मनावर घ्यायचे नाही. मग तो बाहेर गेल्यावरही प्रेक्षक मनावर घेण्याच्या बेतात नसतो, यात नवल काय? मी रागावून लिहीत नाही, पण थोडा रागावलो आहे हे खरे.

विंगेतला

तुमचे म्हणणे मान्य आहे आणि लाजही वाटली. हे मला दिसायला हवे होते.

शास्त्रार्थी

मात्र विनोदी पात्राला वेगळी भाषा देणे ही जुनीच पद्धत आहे. संस्कृत नाटकातला विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो.

तिसरी घंटा

बोलतो, पण त्या नाटकांत बहुतेक स्त्रियाही प्राकृतच बोलतात आणि त्यांच्या दुःखाला कोणी हसत नाही. पूर्वभागकरांचा मुद्दा भाषेच्या वेगळेपणाचा नाही, एकट्यालाच वेगळे पाडण्याचा आहे.

विदूषकाचा विषय निघालाच आहे, तर 'मृच्छकटिका'तल्या मैत्रेयाकडे जरा थांबून पाहू या, कारण धागाकर्त्याच्या पातेल्याचे उत्तर मला तेथे दिसते. वसंतसेनेने चारुदत्ताकडे दागिन्यांची ठेव ठेवलेली असते. तिसऱ्या अंकात रात्री घरात चोर शिरतो आणि मैत्रेय झोपेत बरळत, चारुदत्तालाच देतो आहोत अशा समजुतीने, दागिन्यांचा करंडा शपथ घालून चोराच्याच हातात देतो. हा प्रसंग निखळ विनोदी आहे. पुढे वसंतसेना चारुदत्ताच्या लहान मुलाच्या मातीच्या गाडीत आपले दागिने घालते, ते परत करण्यासाठी चारुदत्त पुन्हा मैत्रेयाकडेच सोपवतो, आणि नवव्या अंकात न्यायालयात हा मित्रासाठी आरोप करणाऱ्या शकाराशी भांडायला उठतो तेव्हा ते त्याच्या काखेतून सर्वांदेखत खाली पडतात. वसंतसेनेच्या खुनाचा आरोप चारुदत्तावर असतो. पडलेले दागिने पुरावा ठरतात आणि त्याला देहदंड होतो.

दोन्ही वेळा तोच माणूस, तोच धांदरटपणा आणि त्याच बाईचे दागिने त्याच्या हातून निसटतात. पहिल्यांदा आपण हसतो. दुसऱ्यांदा हसू ओठावर येता येता थिजते, कारण तोपर्यंत त्या धांदरटपणाची किंमत कोणाला द्यावी लागणार ते दिसलेले असते. नाटककाराने गंभीर प्रसंगासाठी विनोद बाजूला काढला नाही, त्याच विनोदाला कामाला लावले.

म्हणून माझी सूचना अशी. राजप्पाचे पातेले चौकटीवर न आपटता घरातच राहू द्यावे. रुग्णवाहिका येणार आहे. अंघोळीचे पाणी तापवायला त्या घरात मोठे भांडे लागणार आहे.

सुलभाताई

अगंबाई.

पूर्वभागकर

दारात तीन विटा मांडून पाणी तापवतात. आणि त्या विटा शेजारचाच मांडतो, घरचा माणूस मांडत नाही.

कडक भाकरी

मला हे थोडे जास्तच जुळवून आणल्यासारखे वाटते. पातेले नेले, पातेले आणले आणि पातेल्यातच पाणी तापले. परीक्षक खूश होतील, पण प्रेक्षकाला लेखकाचा हात दिसेल.

तिसरी घंटा

शक्य आहे. पातेल्याकडे कोणी बोट दाखवले, किंवा त्यावर एखादे वाक्य उच्चारले, तर नक्कीच दिसेल. ते न बोलता घडले तर कदाचित दिसणार नाही. पण ही शंका तालमीतच फिटेल, येथे नाही.

रंगभूषा

मी बरीच वर्षे पडद्यामागे काम करते, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगते. 'मॅकबेथ'मध्ये राजाचा खून झाल्यावर लगेच एक झिंगलेला द्वारपाल येतो आणि दार ठोठावणाऱ्यांना तिष्ठत ठेवून, आपण नरकाचे द्वारपाल आहोत अशी कल्पना करत बडबडतो. त्याच्या बडबडीवर पुस्तके लिहिली गेली आहेत, कोलरिजला तर ती शेक्सपिअरची वाटलीच नाही. पण मी पहिला विचार केला तो असा की मॅकबेथच्या नटाला हातावरचे रक्त धुऊन कपडे बदलायला वेळ कोण देणार? द्वारपाल देतो. विनोदी प्रसंग पुष्कळदा पडद्यामागच्या सोयीसाठी जन्मतो. श्रीनिवासला आत पाठवले, त्यात मला तरी चूक दिसत नाही.

तिसरी घंटा

सोय खरी आहे. मात्र तेथे द्वारपाल बोलत असताना दारावरची थाप थांबत नाही, हेही पाहावे. त्याच्या प्रत्येक कोटीच्या मागे "ठक् ठक्" चालू असते, आणि दार उघडले की खून उघडकीला येणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. हसताना तो आवाज कानाआड करता येत नाही. धागाकर्त्याच्या प्रसंगात ती थाप म्हणजे श्रीनिवास, आणि त्याला आपण आत पाठवून दिले. बातमी ठाऊक असलेला एकमेव माणूस नजरेआड झाल्यावर सात मिनिटांत प्रेक्षक बातमी विसरणारच. त्याला बाहेर ठेवा. त्याने काही करू नये, काही बोलू नये, राजप्पाकडे पाठ करून फोन हातात धरून उभे राहावे. मग प्रेक्षक राजप्पाला हसेल, पण त्याचा एक डोळा त्या पाठीवर राहील.

एकच शंका

तुम्ही सर्व विनोदी पात्राला फार साधन बनवत आहात. 'एकच प्याला'तल्या तळीरामाने लोकांना इतके हसवले की दारूची भीती वाटण्याऐवजी गंमत वाटू लागली, असे माझे आजोबा म्हणत. मग तेथे विनोदाने नाटक कमजोर केले की नाही?

तिसरी घंटा

तुमच्या आजोबांचे म्हणणे मी मोडीत काढणार नाही. तळीराम आजारी पडल्यावर त्याच्या अंथरुणाशेजारी डॉक्टर आणि वैद्य भांडतात तेव्हाही आपण हसतो, आणि माणूस खंगला आहे हे ध्यानात येईपर्यंत पुढचे वाक्य आलेले असते. गडकऱ्यांच्या कोट्या इतक्या भरगच्च आहेत की त्यांतल्या किती ठेवायच्या हे शेवटी नटावर आणि दिग्दर्शकावर राहते. मी एक प्रयोग पाहिला होता, त्यात तळीरामाने हशासाठी कुठेच थांबून वाट पाहिली नाही. लोक हसले, पण त्याची दहशतही वाटली. दुसऱ्या एका प्रयोगात तळीराम दर कोटीनंतर प्रेक्षकांकडे पाहत होता. त्या रात्री सिंधूचे दुःख कोणापर्यंत पोचले नाही. संहिता दोन्हीकडे तीच होती.

विंगेतला

चार दिवस तालीम करून परत आलो आहे, सविस्तर लिहितो.

पहिले म्हणजे भाषा. पूर्वभागकरांच्या म्हणण्याप्रमाणे आता सारे घर एकाच वळणाने बोलते. दुसरे, श्रीनिवास बाहेरच उभा असतो. तिसरे, चौकट काढली, राजप्पा बाहेर जातच नाही. प्रसंग आता असा आहे:

राजप्पा पातेले खाली ठेवतो आणि म्हणतो, "अक्का, घासून आणलंय. आता परत मागितलं तर देऊ नका." येथे हशा येतो आणि तो आम्हाला हवा आहे. आई विचारते, "आज कसं काय आठवलं?" राजप्पा म्हणतो, "थोरल्याचं लग्न काढताय ना औंदा? दीडशे माणसांचं पाणी तापवायचं तर लागंल की." यावर आई हसते. ती मनापासून, तोंडाला पदर लावून हसते, कारण मुलाच्या लग्नाचा विषय कोणीतरी काढला याचा तिला आनंद झालेला असतो.

पूर्वी या वाक्यानंतर राजप्पाची आणखी पाच वाक्ये होती. ती सर्व काढली. आता आई हसते आणि कोणीच काही बोलत नाही. राजप्पा तिच्याबरोबर हसत असताना त्याची नजर श्रीनिवासच्या पाठीकडे जाते आणि त्याचे हसू आईच्या आधी थांबते. बातमी कोणी उच्चारण्याआधी ती राजप्पाला कळते. "दादा गेला" हे वाक्य मग बऱ्याच वेळाने येते, मी मोजले तर जवळजवळ ४० सेकंदांनी. मधल्या वेळात आई एकटीच हसत असते.

काल तीस-पस्तीस लोक बसवून करून पाहिले. "देऊ नका"ला मोठा हशा आला. लग्नाच्या वाक्यावर दोघेतिघे हसले आणि आई हसू लागल्यावर तेही गप्प झाले. त्यानंतर कोणी हसले नाही.

सुलभाताई

आधी राजप्पाला कळते हे फार बरे केले. आमचे दीरही नंतर कोपऱ्यात जाऊन बसले होते.

कडक भाकरी

आणि विटा?

विंगेतला

शेवटी अंधुक उजेडात राजप्पा दारात तीन विटा मांडतो आणि पातेले उचलतो. आम्ही दोन प्रकारे करून पाहिले. एकात पातेले विटांवर ठेवेपर्यंत उजेड राहतो, दुसऱ्यात तो पातेल्याजवळ जातो तेवढ्यातच ब्लॅकआउट होतो. लेखकाला पहिला प्रकार हवा आहे. तुमची शंका आठवून माझा कल दुसऱ्याकडे आहे. आईचे काम करणाऱ्या बाई म्हणतात की विटाच नकोत. निर्णय झालेला नाही.

शास्त्रार्थी

विटा ठेवाव्यात, पातेले ठेवू नये. एवढे जुळवणे क्षम्य आहे. आणि मधला तो शांततेचा वेळ म्हणजेच दोन रसांमधले अंतर होय, असे मी मानतो. माझ्या पहिल्या प्रतिसादातला "काढावे" हा शब्द मागे घेतो, बाकीचे नाही.

पूर्वभागकर

रविवारी तालमीला येऊ का? "औंदा" ठीक आहे, पण "लागंल की" आमच्याकडे असे येणार नाही. ऐकून सांगतो.

रंगभूषा

राजप्पाच्या नटाचे काय? त्याची टाळी गेली.

विंगेतला

दोन दिवस रुसला होता. काल आई एकटी हसत असताना तो पहिल्यांदाच काही न करता नुसता उभा राहिला, आणि तालीम संपल्यावर मला म्हणाला की लोक माझ्याकडे पाहत होते. त्याला टाळीपेक्षा ते आवडले की नाही, ते अजून कळलेले नाही. आज पुन्हा एक वाक्य पदरचे घालून पाहिले, मी काढायला लावले.

पूर्वभागकर, रविवारी सायंकाळी पाच वाजता अवश्य यावे. येताना कोणाकडे जुने मोठे पितळी पातेले असल्यास आणावे. सध्याचे माझ्या आत्याचे आहे, आणि तिचा तिसरा निरोप आला आहे.